तासाच्या ठोक्याला ४८ सिंक: ऑफसेट देऊन गर्दी मोडण्याचे एक प्रकरण

एका पोस्टग्रेस डेटाबेसमधून, म्हणजे सोर्समधून, ४८ सिंक जॉब दर तासाला डेटा उचलतात आणि अहवालांसाठीच्या वेगळ्या डेटाबेसमध्ये नेऊन टाकतात. क्रॉनमध्ये सगळ्यांचे वेळापत्रक एकच आहे: `0 * * * *`, म्हणजे दर तासाचे शून्यावे मिनिट. ते कुणी विचार करून ठरवलेले नसते. पहिला जॉब लिहिताना शून्य टाकले जाते, दुसरा जॉब पहिल्याची नक्कल करून तयार होतो, आणि वर्षभरात तासाच्या ठोक्याला ४८ जण एकाच दारात उभे राहतात. इथे घेतलेली मांडणी नमुन्याची आहे. आकडे मुद्दाम सोपे ठेवले आहेत, म्हणजे प्रत्येक पायरीचा हिशेब वाचता वाचता करता येईल.

या ४८ पैकी ४० जॉब लहान आहेत आणि प्रत्येकाला ४० सेकंद लागतात. सहा मध्यम आहेत, त्यांना चार-चार मिनिटे लागतात. दोन मोठे आहेत, त्यांना नऊ-नऊ मिनिटे. हे वेळ सोर्स शांत असताना, एकेक जॉब एकटा चालवून मोजलेले आहेत. ठोक्याला मोजलेला वेळ यासाठी वापरायचा नाही, कारण तेव्हा प्रत्येक जॉब बाकीच्या ४७ जणांमुळे रखडलेला असतो आणि जॉबचे खरे काम किती हे त्यातून कळत नाही.

प्रत्येक जॉब सोर्सवर दोन कनेक्शन उघडतो, एक वाचनासाठी आणि एक शेवटी ओळींची मोजणी पडताळण्यासाठी. म्हणजे ठोक्याला ९६ कनेक्शन हवीत. पोस्टग्रेसमध्ये `max_connections` मुळात १०० असते आणि त्यातली तीन सुपरयूजरसाठी राखीव असतात. उरतात ९७. याच डेटाबेसवर चालणारे मुख्य अ‍ॅप्लिकेशन एरवी १२ कनेक्शन धरून बसते आणि गर्दी झाली की २० पर्यंत जाते. ९६ आणि १२ मिळून १०८ होतात, तिथेच गणित बिघडते.

बिघाड लपतो कसा

अ‍ॅप्लिकेशनची १२ वजा केल्यावर ८५ कनेक्शन उरतात, त्यात ४२ जॉब बसतात. साधारण सहा जॉबना नकार मिळतो. पण प्रत्येक जॉबला पाच मिनिटांनी पुन्हा प्रयत्न करायची सोय आहे आणि तोवर बहुतेक लहान जॉब आटोपलेले असतात. दुसऱ्या प्रयत्नात हे सहाही जॉब पार पडतात. दिवसाअखेर सिंकचा डॅशबोर्ड सगळे हिरवे दाखवतो. तक्रार येते ती दुसऱ्याच बाजूने: दर तासाच्या सुरुवातीला अ‍ॅप्लिकेशन मिनिटभर अडखळते. त्याला तेराव्या कनेक्शनची गरज पडते आणि ते मिळत नाही. सिंक सांभाळणारे आणि अ‍ॅप्लिकेशन सांभाळणारे वेगवेगळे असतील तर ही दोन टोके जुळायला बराच वेळ जातो.

जुळवायचा रस्ता मात्र सरळ आहे. नाकारलेली कनेक्शन डेटाबेसच्या लॉगमध्ये वेळेसकट नोंदलेली असतात. ती मिनिटावार मोजा:

```sh
grep -E 'connection slots are reserved|too many clients' postgresql.log \
  | cut -c15-16 | sort | uniq -c
```

पोस्टग्रेसच्या मूळ लॉग रचनेत ओळीच्या सुरुवातीला तारीख आणि वेळ असते, त्यामुळे १५वे आणि १६वे अक्षर म्हणजे मिनिट. `log_line_prefix` बदललेला असेल तर हे आकडे बदलावे लागतील. निकालात `00` समोर मोठा आकडा आणि बाकीकडे जवळपास काहीच नाही असे दिसले, तर कारण वेळापत्रकात आहे. आकडे तासभर पसरलेले असतील तर कारण वेगळे आहे, आणि ऑफसेट देऊन, म्हणजे प्रत्येक जॉबची सुरुवात ठोक्यापासून वेगवेगळ्या मिनिटांनी सरकवून, ते जाणार नाही.

कोण किती कनेक्शन धरून आहे हे पाहायला `pg_stat_activity` आहे, पण प्रत्येक जॉबने कनेक्शन उघडताना `application_name` मध्ये स्वतःचे नाव दिले तरच त्याचा खरा उपयोग. हे काम आधी करावे. त्यावाचून तिथे ९६ सारख्याच ओळी दिसतात आणि कुठली कुणाची ते सांगता येत नाही.

खरे काम किती, हा हिशेब

बहुतेक ठिकाणी या टप्प्यावर `max_connections` वाढवायचा विचार सुरू होतो. त्याआधी एक बेरीज करून पाहावी. लहान ४० जॉबचे ४० सेकंद म्हणजे सुमारे २६.७ मिनिटे. मध्यम सहांची २४ मिनिटे. मोठ्या दोघांची १८. एकूण ६८.७ मिनिटांचे काम, आणि हातात ६० मिनिटे. भागाकार केला तर सुमारे १.१४ येतो. म्हणजे काम सारखे पसरले तर कुठल्याही क्षणी सरासरी एकच्या थोडे वर जॉब चालू असतील. सोर्सला सव्वा जॉबसुद्धा सतत नको आहे, आणि आपण त्याला एकदम ४८ देतो आहोत. कनेक्शन वाढवली असती तर सगळे ४८ जण आत आले असते आणि तीच डिस्क व तीच मेमरी ४८ जणांत वाटली गेली असती. नकार थांबले असते, रखडणे वाढले असते.

हीच बेरीज ऑफसेटची मर्यादाही सांगते. भागाकार सहा-सात आला असता, तर कितीही पसरवले तरी सहा-सात जॉब कायम चालू राहिले असते. तेव्हा आधी जॉब हलके करावे लागतात किंवा दर तासाऐवजी दर दोन तासांनी चालवावे लागतात.

आधी पाहायचे: कोण कुणाच्या भरवशावर आहे

वेळापत्रकाला हात लावण्यापूर्वी एक गोष्ट शोधलीच पाहिजे, कारण ऑफसेट देताना सर्वात जास्त नुकसान इथेच होते. सगळे ठोक्याला धावत होते तेव्हा पुढच्या कामांनी "वीस मिनिटांपर्यंत सगळे आलेले असते" असे गृहीत धरलेले असते. ते कुठे लिहिलेले नसते. या प्रकरणात विसाव्या मिनिटाला एक अहवाल ताजा होतो, आणि तो ग्राहक, ऑर्डर आणि ऑर्डरच्या ओळी अशी तीन टेबले वाचतो. ही तीन टेबले तीन लहान जॉब आणतात. त्यातला एखादा ४१व्या मिनिटाला गेला, तर अहवाल कुठलीही चूक न दाखवता त्या टेबलाचा आधीच्या तासाचा डेटा वापरत राहील.

दुसरी अडचण याहून बारीक आहे. ऑर्डर १२व्या मिनिटाला आणल्या आणि त्यांच्या ओळी ३१व्या मिनिटाला, तर मधल्या १९ मिनिटांत तयार झालेल्या ऑर्डरच्या ओळी येतील पण ऑर्डर येणार नाहीत. क्रम उलटा केला तर ओळी नसलेल्या ऑर्डर येतील. म्हणून एकमेकांशी जोडलेली टेबले वेगवेगळ्या ऑफसेटवर ठेवू नयेत. या तिघांचा एकच जॉब करावा आणि तिन्ही वाचने एकाच `REPEATABLE READ` ट्रान्झॅक्शनमध्ये करावीत. त्यामुळे तिन्ही टेबले एकाच क्षणाच्या चित्रातून वाचली जातात. असे ट्रान्झॅक्शन फार वेळ उघडे राहिले तर सोर्सवरचे व्हॅक्यूम अडते, पण हा जॉब दोन मिनिटांचा आहे. तेवढे चालते.

अहवाल विसाव्या मिनिटाला सुरू करण्याऐवजी हा जॉब संपला की सुरू करावा. घड्याळाच्या भरवशावर बांधलेली साखळी या बदलात एकदा तरी तुटतेच, तेव्हा ती याच वेळी नीट बांधून घ्यावी. तीन जॉबचा एक झाल्यामुळे आता एकूण जॉब ४६ उरले: ३७ लहान, एक गट, सहा मध्यम, दोन मोठे.

ऑफसेट वाटणे

मोठे, मध्यम आणि गटाचा जॉब हाताने ठेवावेत. ते नऊच आहेत आणि एकमेकांवर आले तर त्रास तेच देतात. एक मोठा चौथ्या मिनिटाला सुरू होऊन तेराव्याला संपतो. गट १४व्या मिनिटाला, म्हणजे १६व्यापर्यंत आटोपतो. तीन मध्यम जॉब १७, २२ आणि २७ला. दुसरा मोठा ३४ला, तो ४३ला संपतो. उरलेले तीन मध्यम ४५, ५० आणि ५५ला. या नऊ जणांत कुणीच कुणावर येत नाही, आणि प्रत्येकापुढे मिनिटभराची किंवा जास्त मोकळी जागा आहे. तासाची पहिली तीन मिनिटे मुद्दाम रिकामी ठेवली आहेत. सोर्सची स्वतःची तासाची कामे आणि आपल्याला माहीत नसलेले इतर वाचक ठोक्यालाच येतात, ते आपण हलवू शकत नाही.

लहान ३७ जॉबना हाताने मिनिटे वाटत बसू नये. क्रमांकावरून वाटणी करायचा मोह होतो, पहिल्याला शून्य, दुसऱ्याला दीड मिनिट अशी, पण एक नवा जॉब आला की मागच्या सगळ्यांच्या वेळा सरकतात. त्यापेक्षा जॉबच्या नावावरून मिनिट काढावे. नाव बदलत नाही तोवर वेळही बदलत नाही:

```python
import zlib
minute = 3 + zlib.crc32(job_name.encode()) % 55
```

यातून ३ ते ५७ मधले मिनिट मिळते. पायथनचे `hash()` इथे वापरू नये. पायथन ३.३पासून मजकुराचा हॅश प्रत्येक प्रोसेससाठी वेगळा येतो, त्यामुळे प्रत्येक वेळी वेगळे मिनिट मिळेल आणि ते चटकन लक्षातही येणार नाही.

हॅशने वाटणी अगदी समान होत नाही. ५५ मिनिटांत ३७ जॉब टाकले तर एखाद्या मिनिटात तीन येणे नेहमीचेच आणि चार येणेही अशक्य नाही. म्हणून यादी तयार झाल्यावर मिनिटावार मोजून पाहावी. लहान जॉब ४० सेकंदांत संपतो, म्हणजे तो पुढच्या मिनिटात जात नाही. सर्वात वाईट मिनिटात चार लहान आणि एक मध्यम किंवा मोठा, असे पाच जॉब झाले. दहा कनेक्शन. आधी हाच आकडा ९६ होता.

वेळापत्रकाच्या साधनांतले खाचखळगे

क्रॉन मिनिटापेक्षा बारीक वेळ जाणत नाही, त्यामुळे एका मिनिटात आलेले तीन जॉब शून्याव्या सेकंदालाच एकदम सुटतात. ओळीत `sleep 20` घालून त्यांना वेगळे करता येते. `sleep $((RANDOM % 20))` लिहिले तर दोन ठिकाणी फसते: क्रॉनच्या ओळीत `%` चा अर्थ नवी ओळ असा होतो, आणि `RANDOM` ही सोय बॅशची आहे, क्रॉन मात्र आज्ञा `/bin/sh` कडे देतो. शिवाय दर वेळी बदलणारा उशीर आम्हाला या कामासाठी पसंत नाही. तीन वाजता जॉब कधी सुटला होता हे शोधताना ठरलेली वेळ असणे फार उपयोगी पडते.

जुन्या नोंदी शोधताना फक्त `0 *` शोधून थांबू नये. `@hourly` म्हणजेही तेच. `*/15` सुद्धा शून्याव्या मिनिटाला येतोच, त्याला सात मिनिटांचा ऑफसेट द्यायचा तर `7-59/15` लिहावे. तो ७, २२, ३७ आणि ५२ला धावतो. `*/7` सारखी रचना टाळावी, कारण ५६ नंतर ती थेट पुढच्या तासाच्या शून्यावर येते. मध्ये चारच मिनिटे जातात आणि पुन्हा ठोक्याची गर्दी होते.

`systemd` चे टायमर असतील तर सेकंदही देता येतात, पण एक मूळ सेटिंग आपल्याविरुद्ध काम करते. `AccuracySec` मुळात एक मिनिट असते, आणि त्या मिनिटाच्या आत टायमर एकत्र आणून मशीनला कमी वेळा जागे करणे हाच त्याचा हेतू आहे. आपण काळजीने विखुरलेले सेकंद ते पुन्हा एका जागी आणू शकते. म्हणून:

```ini
[Timer]
OnCalendar=*:23:17
AccuracySec=1s
Persistent=true
```

`RandomizedDelaySec` दर वेळी नवा उशीर काढते. तोच उशीर कायम राहावा असे वाटत असेल तर त्यासोबत `FixedRandomDelay=true` हवे, आणि ते `systemd` २४७ पासून मिळते.

बदलाच्या दिवशी हरवणाऱ्या ओळी

काही जॉब "मागच्या एका तासाचा डेटा" अशी क्वेरी करतात, म्हणजे `updated_at > now() - interval '1 hour'`. समजा असा जॉब १०:०० ला धावला. १०:४० ला त्याची वेळ बदलून २३वे मिनिट केली. पुढची फेरी ११:२३ ला आली आणि तिने १०:२३ ते ११:२३ एवढेच वाचले. १०:०० ते १०:२३ मधल्या ओळी कुणीच वाचल्या नाहीत, आणि त्यांना पुन्हा कुणी हात लावला नाही तर त्या कधीच येणार नाहीत. जॉब यशस्वी दिसतो. मोजणीची पडताळणीही बरोबर येते, कारण ती त्याच चुकीच्या खिडकीची मोजणी करते.

उपाय म्हणजे खिडकी घड्याळावरून ठरवायची नाही. मागच्या यशस्वी फेरीत कुठपर्यंत वाचले ती खूण साठवायची आणि पुढची फेरी तिथून सुरू करायची. त्यातही सुरुवात खुणेच्या काही मिनिटे मागे ठेवावी. पोस्टग्रेसमध्ये `now()` ट्रान्झॅक्शन सुरू झाल्याची वेळ देते. तीन मिनिटे चाललेल्या ट्रान्झॅक्शनची ओळ कमिट झाल्यावर दिसते, पण तिच्यावर वेळ तीन मिनिटांपूर्वीची असते, आणि काटेकोर खूण तिला ओलांडून गेलेली असते. किती मागे जायचे ते सोर्सवरच्या सर्वात लांब लेखनावर ठरते. मागे गेल्याने काही ओळी दोनदा येतात, तेव्हा दुसऱ्या बाजूला प्राथमिक कीवर अपसर्ट असायलाच हवा. हे सगळे आधी करून, एक-दोन फेऱ्या जुन्याच वेळेवर बघून, मगच मिनिट बदलावे.

ऑफसेट पुरत नाही ती वेळ

शेड्यूलर चालवणारे मशीन दीड तास बंद राहिले आणि २०व्या मिनिटाला परत आले, असे समजा. `Persistent=true` असलेले सगळे टायमर "माझी फेरी चुकली" म्हणून लगेच धावायला बघतात. सगळी वाटणी त्या एका क्षणी निकामी होते. ऑफसेट रोजच्या दिवसासाठी आहे. वाईट दिवसासाठी डेटाबेसकडेच मर्यादा घालावी लागते:

```sql
ALTER ROLE sync_reader CONNECTION LIMIT 12;
```

रोजच्या वाईटात वाईट मिनिटाला दहा कनेक्शन लागतात, त्यावर दोन जास्तीची. अ‍ॅप्लिकेशनची २० धरली तरी ९७ पैकी ३२च होतात, म्हणजे सिंकने कितीही गोंधळ घातला तरी अ‍ॅप्लिकेशनला झळ लागत नाही. अट एवढीच की सिंकचे सगळे जॉब याच एका रोलने जोडले जावेत आणि तो सुपरयूजर नसावा, कारण सुपरयूजरला ही मर्यादा लागू होत नाही.

मर्यादा ओलांडली की `too many connections for role` असा नकार येतो आणि जॉब पुन्हा प्रयत्न करतो. इथे सर्वांना ठराविक पाच मिनिटांचा थांबा असेल, तर नाकारलेले सगळे पाच मिनिटांनी पुन्हा एकदम येतात, आणि आपण ठोक्याची गर्दी दुसऱ्या मिनिटाला हलवलेली असते, एवढेच. पुन्हा प्रयत्नाचा थांबा मात्र दर वेळी बदलता ठेवावा, उदाहरणार्थ एक ते पाच मिनिटांमधला कुठलाही, आणि प्रयत्नांची संख्या पुरेशी ठेवावी.

कामाचा क्रम उलटा करू नये. मर्यादा आधी लावली आणि सगळे अजून ठोक्यालाच धावत असतील, तर पहिल्याच तासाला सहा जॉब आत जातील आणि ४२ बाहेर राहतील. आधी कुणीच अवलंबून नसलेले लहान जॉब हलवावेत, मग मध्यम आणि मोठे, मग अहवालाचा गट, आणि सर्वात शेवटी मर्यादा.

जमले की नाही, हे कसे ओळखावे

कॉन्फिगमधली वेळ पाहून समाधान मानू नये. जॉबची सोर्सवरची पहिली क्वेरी खरोखर कधी गेली ती वेळ लॉगमधून घ्यावी आणि पूर्ण दिवसाची मिनिटावार मोजणी करावी. शेड्यूलरचीच रांग लागत असेल तर कागदावर विखुरलेले जॉब प्रत्यक्षात पुन्हा एकत्र आलेले दिसतात. दुसरी खूण म्हणजे प्रत्येक जॉबचा लागणारा वेळ. तो एकट्याने मोजलेल्या वेळेच्या जवळ आला पाहिजे. लहान जॉब ठोक्याला तीन मिनिटे घेत होता आणि आता ४५ सेकंद घेतो, तर काम झाले. अजूनही तीन मिनिटे घेत असेल, तर त्या मिनिटाला सोर्सवर दुसरेच कुणीतरी आहे, आणि त्याला `pg_stat_activity` मध्ये शोधावे लागेल.

जुने अलार्म या बदलानंतर खोटे वाजतात. "दहाव्या मिनिटाला डेटा दहा मिनिटांपेक्षा जुना नसावा" ही अट आता ५०व्या मिनिटाच्या जॉबसाठी कायम मोडेल. अलार्म डेटाच्या वयावर बांधावा: दर तासाच्या जॉबसाठी वय ७५ मिनिटांवर गेले की वाजावा, मग तो कुठल्याही मिनिटाला धावत असो. आणि मोठ्या जॉबच्या वेळेवर वेगळे लक्ष ठेवावे. चौथ्या मिनिटाला सुटणारा जॉब डेटा वाढत गेल्यावर नऊऐवजी चौदा मिनिटे घेऊ लागला, तर तो १४व्या मिनिटाच्या गटावर आणि १७व्या मिनिटाच्या मध्यम जॉबवरही येतो. त्याची कालमर्यादा दहा मिनिटांवर ठेवली की वाटणी पुन्हा करायची वेळ आल्याचे आधीच कळते.